शंभर रुपये भाड्याची खोली

गिरगाव, लालबाग, दादर इथल्या जुन्या चाळींतून आजही दोन-तीन आकडी भाड्याच्या पावत्या फाटतात. तेवढ्या पैशांत जिन्यातले दिवे आणि पंपाचे विजेचे बिलही भागत नाही, ही घरमालकाची तक्रार खरीच आहे. भाडेकरूच्या आजोबांनी खोली घेताना मोठी पागडी मोजली होती, हेही तितकेच खरे. त्यामुळे मालकाने भाडे वाढवण्याचे पत्र पाठवले की घरात पहिली शंका येते ती बाहेर काढण्याची.

भाडे इतके खाली राहिले ते कायद्यामुळे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवले. ही गोठवणूक काळाच्या ओघात गैरवाजवी ठरली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात 1 ऑक्टोबर 1987 रोजीच्या भाड्यात 5 टक्के मिळवून प्रमाण भाडे धरले आणि त्यावर दरवर्षी 4 टक्के वाढ घेण्याचा हक्क मालकाला दिला. कित्येक मालकांनी हा हक्क वापरलाच नाही. चार रुपयांसाठी वाद कोण घालणार! पण न घेतलेले हे चार-चार रुपयेच आज रास्त प्रस्तावाचा पाया होऊ शकतात.

समजा, बारा खोल्यांच्या चाळीत एका खोलीचे भाडे 1987 मध्ये 100 रुपये होते आणि आजही तेवढेच आहे. प्रमाण भाडे झाले 105. कायदा लागू झाल्यापासून पंचवीस वर्षांची वाढ सरळ हिशेबाने धरली तर भाडे 210 रुपये होते, चक्रवाढीने धरली तर 280. वाद पेटतो तो या दोन आकड्यांमधल्या अंतरावर. म्हणून मालकाने दोन्ही हिशेब पत्रात मांडावेत आणि आपण कोणता धरला हे स्पष्ट लिहावे. माझ्या मते शहाणा प्रस्ताव असा: पहिल्या वर्षी 150, दुसऱ्या वर्षी 210, तिसऱ्या वर्षी 280. 280 च्या आकड्यावर भाडेकरूंचे एकमत नसेल, तर 210 वर थांबावे. पुढे दरवर्षी 4 टक्के. मागच्या वर्षांची थकबाकी मागणार नाही, हेही त्याच कागदावर असावे. निवृत्त भाडेकरूला धास्ती असते ती या जुन्या थकबाकीच्या आकड्याची; ती गेली की बोलणे पुढे सरकते.

दुसरा भाग सोयींचा. पाण्याची नवी टाकी किंवा पंप अशी जादा सोय मालकाने केली, तर त्या खर्चाच्या 15 टक्क्यांपर्यंत रक्कम दरवर्षी भाड्यात मिळवता येते. मात्र आधी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागते. बारापैकी नऊ सह्या हव्यात. खर्च 1,44,000 रुपये असेल, तर वर्षाला 21,600, म्हणजे खोलीमागे महिना 150 रुपये. सह्या मागताना टाकीची कोटेशन जोडावीत. साधी देखभाल-दुरुस्ती यात घालता येत नाही, कारण ती मुळातच मालकाची जबाबदारी आहे.

इथे मालकाचा हात थांबतो. शेजारच्या टॉवरमध्ये महिना पन्नास हजार भाडे मिळते म्हणून इथे पाच हजार मागितले, तर ते कायद्यात बसत नाही, आणि भाडेकरूने खुशीने कबूल केले तरी फरक पडत नाही. प्रमाण भाडे आणि परवानगी असलेली वाढ यांहून जास्त घेणे हा गुन्हा आहे. एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या आणि बँका मात्र या संरक्षणाबाहेर आहेत. चाळीच्या तळमजल्यावर बँकेची शाखा असेल, तर तिच्याशी बाजारभावाने बोलता येते.

भाडेकरूने सही करण्याआधी कागदाचा मथळा वाचावा. ‘भाडेवाढीची संमती’ असे तोंडी सांगून पुढे लिव्ह अँड लायसन्सचा करार ठेवला असेल, तर सही करू नये: मुदत संपली की परवानाधारकाला जागा सोडावी लागते आणि जुन्या भाडेकरूचे संरक्षण त्या सहीनिशी धोक्यात येते. वाढीव रकमेची पावती ‘भाडे’ म्हणूनच आणि त्याच भाडेकरूच्या नावाने हवी. कर आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा उपकर वेगळ्या रकान्यात दाखवलेला असावा.

भाडेकरूने वाढ नाकारली, तरी मालकाने जुने भाडे घेणे थांबवू नये. भाडे नाकारले की भाडेकरू मनीऑर्डर करतो, तिची परत आलेली पावती जपून ठेवतो आणि पुढे कोर्टात ‘मी द्यायला तयार होतो’ हे त्याच पावतीने सिद्ध करतो. वाढीबद्दल मतभेद उरलाच, तर प्रमाण भाडे ठरवून घेण्यासाठी दोघांपैकी कोणीही न्यायालयात जाऊ शकतो. मुंबईत ते काम लघुवाद न्यायालयाकडे आहे.

हे सारे जमले, तरी खोलीमागे 430 रुपये आणि कर एवढेच हाती येतात. कुजलेल्या तुळया बदलण्याइतका पैसा त्यातून उभा राहत नाही. त्यासाठी दुरुस्ती मंडळ किंवा पुनर्विकास यांचाच विचार दोघांना करावा लागतो.