पत्रपेटीवरचं आडनाव

भारतातून जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्याचं पैशाचं पहिलं काम बँकेत नसतं, इमारतीच्या दारात असतं. तिथल्या पत्रपेट्यांवर घर क्रमांक क्वचितच असतो. असतात ती आडनावं. पेटीवर ‘कुलकर्णी’ अशी चिठ्ठी चिकटवली नसेल, तर पोस्टमन पत्र घेऊन परत जातो. आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, कर क्रमांक हे सगळं तिथं अजूनही पोस्टानेच येतं. ज्या देशाने जगाला मोटारी विकल्या, त्या देशात पगाराची वाट एका पत्रपेटीतून जाते, याचं नव्या माणसाला पहिले काही महिने आश्चर्य वाटत राहतं.

विद्यार्थ्याची सुरुवात मात्र त्याच्याही आधी, भारतातच होते. व्हिसासाठी ‘श्पेरकोन्टो’ म्हणजे गोठवलेलं खातं दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, आणि जर्मनीत पोचल्यावर ते महिन्याला ९९२ या हिशेबाने सुटतात. पैसे स्वतःचेच, पण एकदम हाती येत नाहीत. शिवाय ते सुटण्यासाठी दुसरं, रोजच्या व्यवहाराचं खातं लागतं. घरमालकाला अनामत रक्कम आणि पहिलं भाडं मात्र लगेच हवं असतं. म्हणून जाणकार मुलं दोन-अडीच महिन्यांचा खर्च वेगळा, फॉरेक्स कार्डावर घेऊन येतात.

राहायला जागा मिळाली की पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. ही ‘आनमेल्डुंग’ घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी, असा कायदा आहे. मोठ्या शहरांत वेळच महिनाभराने मिळते. तेव्हा घर हातात येण्याची वाट न पाहता वेळ आधी घेऊन ठेवलेली बरी. सोबत भाडेकरार चालत नाही. हा माणूस माझ्या घरात राहायला आला आहे, असं घरमालकाच्या सहीचं वेगळं पत्रच लागतं. ‘खोली देतो, पण नोंदणी जमणार नाही’ असं म्हणणारा मालक कितीही स्वस्त असला तरी महागात पडतो, कारण पुढची सगळी साखळी या एका कागदावर लोंबकळते.

या अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलांना त्याने काही फरक पडत नाही. पण वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्याने तिथे सहज ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं की पगारातून चर्च-कर कापला जाऊ लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या ८ टक्के असतो, बाकी राज्यांत ९ टक्के. श्रद्धेपोटी द्यायचा असेल तर अवश्य द्यावा. पण तो आपण देतोय हे माहीत असावं.

नोंदणी झाली की खातं उघडता येतं. मोबाइलवरच्या बँका व्हिडिओ कॉलवर ओळख पटवतात, पण भारतीय पासपोर्ट त्या पद्धतीत सगळीकडे चालत नाही. तसं झालं तर पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं किंवा गल्लीतल्या श्पारकासेची शाखा गाठायची. बँकेने दार बंद केलं तरी युरोपात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला साधं खातं मिळण्याचा हक्क आहे. २०१६ पासून लागू असलेल्या कायद्याने ते ‘बाझिसकोन्टो’ या नावाने मागता येतं.

त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत पत्रपेटीत एक साधं पत्र येतं. त्यात अकरा अंकांचा कर क्रमांक असतो, आयुष्यभराचा, श्टॉयर-आयडी. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. पालिकेची नोंद झाली की कर खात्याचं केंद्रीय कार्यालय तो आपणहून पाठवतं. हे पत्र हरवलं तर क्रमांक फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत, पुन्हा पोस्टानेच येतो. पुढे विवरणपत्र भरल्यावर स्थानिक कर कार्यालय जो क्रमांक देतं, तो वेगळा. दोघांत गल्लत करू नये.

हा क्रमांक मालकाला का हवा असतो, ते आकड्यांत पाहू. समजा नाशिकची एक मुलगी श्टुटगार्टला मास्टर्स करते आणि आठवड्याला २० तास, ताशी १५ युरोंनी काम करते. महिन्याला साधारण १,३०० युरो होतात. अशा विद्यार्थी नोकरीत तिच्याकडून फक्त पेन्शनचा वाटा जातो, आणि एवढ्या पगारावर तो शंभर युरोंहून थोडा कमी भरतो. अविवाहित माणसाचा कर-वर्ग पहिला. २०२५ मध्ये वर्षाचं १२,०९६ युरोंपर्यंतचं उत्पन्न करमुक्त होतं, त्यात नोकरदाराच्या ठरीव वजावटी मिळवल्या की तिचा आयकर शून्य. हातात येतात जवळपास १,२०० युरो.

आता समजा पेटीवर नाव नव्हतं, पत्र परत गेलं आणि तिने क्रमांक दिलाच नाही. चूक कर्मचाऱ्याची नसेल तर मालक तीन महिने थांबू शकतो. त्यापुढे त्याला तिला सहाव्या वर्गात टाकावं लागतं. हा वर्ग खरं तर दुसऱ्या नोकरीसाठीचा, त्यात मूळ सवलत धरत नाहीत. त्याच पगारावर महिन्याला सुमारे १४० युरो कर कापला जातो. पगारपत्रकावर ‘VI’ दिसला की हेच झालं आहे, असं समजावं. पैसे बुडत नाहीत, क्रमांक दिल्यावर किंवा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात; पण ज्या महिन्याचं भाडं द्यायचं असतं, त्या महिन्यात ते हाताशी नसतात.

पूर्ण वेळ नोकरीवर आलेल्या विवाहितांची गफलत निराळी असते. लग्न झालंय म्हणजे कमी कराचा तिसरा वर्ग मिळेल, असं ते धरून चालतात. पत्नी किंवा पती कोल्हापुरातच असेल तर तो मिळत नाही. दोघंही जर्मनीत राहणारे असावे लागतात, तोवर विवाहित माणूसही पहिल्याच वर्गात. मात्र याच ठिकाणी घरी पाठवलेल्या पैशाला एक वेगळी किंमत येते, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते.

ज्यांचा सांभाळ करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, म्हणजे जोडीदार किंवा आईवडील, त्यांना पाठवलेला पैसा जर्मनीत उत्पन्नातून वजा करता येतो. कमाल मर्यादा करमुक्त रकमेइतकीच. पण कर खात्याने देशांचे गट पाडले आहेत आणि भारतासाठी त्या रकमेचा पाव भागच धरतात. २०२५ साठी तो ३,०२४ युरो. एखाद्याच्या वरच्या थराचा कर ३० टक्के असेल तर वर्षाला नऊशे युरोंच्या आसपास वाचतात. कोल्हापुरात कमाई नसलेली पत्नी असेल तर हे प्रकरण तसं सरळ आहे.

आईवडिलांचं मात्र किचकट. ते खरोखर गरजू आहेत हे दोन भाषांतल्या ठरावीक नमुन्यावर, गावच्या सरकारी अधिकाऱ्याच्या शिक्क्यानिशी दाखवावं लागतं. वडील कमावत्या वयाचे असतील तर ते काम का करत नाहीत, याचा पुरावा मागतात. त्यांचं स्वतःचं उत्पन्नही या रकमेतून कापलं जातं, आणि भारतासाठी सूट आहे ती वर्षाला अवघी १५६ युरोंची. म्हणजे चांगली पेन्शन असलेल्या निवृत्त शिक्षकाच्या मुलाला यातून फारसं काही मिळत नाही. जूनमध्ये पहिल्यांदा पैसे पाठवले तर आईवडिलांसाठी मागचे पाच महिनेही धरत नाहीत. तेव्हा जानेवारीत पहिला हप्ता पाठवण्यात शहाणपण आहे. २०२५ पासून अट आणखी कडक झाली: रोख दिलेले पैसे चालत नाहीत, ज्याचा सांभाळ करायचा त्याच्याच खात्यात बँकेतून गेलेले हवेत. सुट्टीत गावी गेलेल्या मित्राबरोबर पाठवलेलं पाकीट, किंवा भावाच्या खात्यात टाकून ‘आईला दे’ म्हणणं, हे आता कराच्या हिशेबात शून्य.

पैसे पाठवताना भारतीय खात्याचा आयबॅन शोधत बसू नये. भारतात तो नसतोच. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लागतो, जुन्या पद्धतीच्या बँक ट्रान्सफरला स्विफ्ट कोडही. फसगत होते ती दरात. ‘फी शून्य’ असं ठळक लिहिणाऱ्या सेवेचा खर्च विनिमय दरात लपलेला असू शकतो. समजा त्या दिवशी बाजारात युरो १०० रुपयांना आहे. एक सेवा फी घेत नाही पण दर ९७.५० देते, ३०० युरोंचे घरी २९,२५० रुपये पोचतात. दुसरी तीन युरो फी घेते आणि दर १०० देते, पोचतात २९,७००. फी आणि दर निरनिराळे पाहण्यापेक्षा आईच्या खात्यात किती रुपये पडणार, एवढा एकच आकडा विचारावा. मधल्या बँका वाटेत कापून घेतात त्यामुळे स्विफ्टने गेलेल्या छोट्या रकमांना जास्त चिमटा बसतो.

भारतात आईवडिलांना मिळालेल्या या पैशावर त्यांना कर नाही, रक्कम कितीही असली तरी. जवळच्या नातेवाइकाने दिलेली भेट करमुक्त असते. मित्राच्या खात्यात टाकले तर वर्षाला ५० हजारांपुढे त्याचं ते उत्पन्न ठरतं.

पाठवणाऱ्याचं स्वतःचं पुण्यातलं बचत खातं हा वेगळा मुद्दा. नोकरीला किंवा शिकायला बाहेर गेलेला माणूस परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी होतो, त्यामुळे ते खातं एनआरओमध्ये बदलून घ्यावं लागतं. बरीच मुलं हे वर्षानुवर्षं करत नाहीत. भारतातलं भाडं, लाभांश वगैरे एनआरओत येतं आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस अधिक सेस कापला जातो. जर्मनीतल्या पगाराची बचत भारतात ठेवायची तर एनआरई खातं. तिथला पैसा केव्हाही परत बाहेर नेता येतो आणि व्याजाला भारतात कर नाही. या शेवटच्या वाक्यावर भाळून अनेकजण मोठ्या मुदत ठेवी करतात. पण जर्मनीत राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब जर्मनीत द्यावा लागतो, त्यात एनआरईचं व्याजही आलं. माणशी वर्षाला १,००० युरोंपर्यंतच्या गुंतवणूक उत्पन्नाला तिथे सूट आहे; त्यापुढचं लपवलं तर तो करचुकवेपणा होतो.

पहिल्या वर्षाचं विवरणपत्र भरण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि नेमका तिथेच सर्वांत जास्त पैसा अडकलेला असतो. पुण्याचा एक अभियंता १ ऑक्टोबर २०२५ ला रुजू झाला, पगार महिना ४,००० युरो, असं समजा. दर महिन्याला सुमारे ५४० युरो आयकर कापला जातो, जणू तो वर्षभर हाच पगार घेणार आहे. प्रत्यक्षात वर्षाची कमाई १२,००० युरो. जानेवारी ते सप्टेंबर भारतात मिळालेला पगार जर्मनी करपात्र धरत नाही, पण कराचा दर ठरवताना तो मोजते, म्हणून तो विवरणपत्रात लिहावाच लागतो. समजा त्या नऊ महिन्यांचे सात लाख रुपये झाले. तरीही कापलेल्या सोळाशेपैकी हजाराहून अधिक युरो परत येतात. ज्यांना विवरणपत्र भरायची सक्ती नसते, त्यांना ‘एल्स्टर’ या सरकारी पोर्टलवर ते चार वर्षांपर्यंत भरता येतं. पोर्टलचं खातं सुरू करायला एक कोड लागतो, आणि तो पोस्टाने येतो.