जवळजवळ सारखी पाने कशी ओळखतात?

आंतरजालावरून यंत्राने गोळा केलेल्या पानांत एकच मजकूर किरकोळ फरकाने पुनःपुन्हा आढळतो. अशी पाने ओळखण्याची आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये मांडलेली रीत आम्ही येथे एका उदाहरणाने सांगत आहोत.

हजार शब्दांची एक सूचना घेऊ. छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढणारे तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडले, तर ९९८ तुकडे होतात. त्यांना ‘शिंगल’ म्हणतात. ते सारे वेगवेगळे आहेत असे धरू. मधला एक शब्द बदलला, तर तीनच तुकडे बदलतात. दोन्ही प्रतींत समान ९९५, मिळून वेगळे १,००१. म्हणजे साम्य ९९ टक्क्यांहून अधिक.

कोट्यवधी पानांचे सर्व तुकडे ताडणे अशक्यप्राय. म्हणून ‘मिनहॅश’ रीतीत एका सूत्राने प्रत्येक तुकड्याला अंक देऊन पानातील सर्वांत लहान अंक तेवढा जपतात. दोन्ही पानांच्या एकत्रित तुकड्यांत सर्वांत लहान अंक कोणत्याही तुकड्याला सारख्याच संधीने मिळतो. तो तुकडा समान असेल, तरच दोन्ही पानांचे अंक जुळतात. अशी शंभर सूत्रे वापरली, की जुळलेल्या अंकांचे प्रमाण साम्याचा अंदाज देते.

मात्र बदललेला तो एकच शब्द परीक्षेची तारीख असेल, तर? साम्य शब्दांचे मोजले जाते, अर्थाचे नव्हे. म्हणून कोणती प्रत ठेवावी, हे केवळ या अंकावरून ठरवू नये.