आधी N की आधी x?

‘उत्तरपत्रिकेबद्दल एक शंका विचारायची आहे. प्रश्न असा होता : x ची किंमत 0 पासून 1 पर्यंत कुठेही असू शकते, पण 1 मात्र धरायचा नाही. अशा वेळी xⁿ ही क्रमिका शून्याकडे एकसमान अभिसरण करते का? मी “हो” लिहिलं आणि सिद्धताही दिली. व्याख्येतली सगळी चिन्हं माझ्या उत्तरात आहेत, N चं सूत्र बरोबर आहे, आकडेमोडीत चूक नाही. तरी गुण शून्य. बाजूला तुम्ही लाल शाईने एवढंच लिहिलंय : “∀x आणि ∃N यांचा क्रम पाहा.” सर, मी फक्त दोन चिन्हांची अदलाबदल केली. बेरजेत संख्या मागेपुढे केल्या तर उत्तर बदलत नाही. मग इथे अख्ख्या उत्तराचा अर्थ कसा काय बदलला?’

पत्र बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या विद्यार्थिनीचं आहे. तिची शंका खरी आहे आणि तिचं उत्तर जरा सविस्तरच द्यायला हवं.

आधी चिन्हांची ओळख. ∀ म्हणजे ‘प्रत्येक’ आणि ∃ म्हणजे ‘असा निदान एक आहे’. एखादं विधान किती जणांबद्दल आहे हे ही चिन्हं सांगतात, म्हणून त्यांना क्वांटिफायर म्हणतात. xⁿ मध्ये x ही 1 पेक्षा लहान संख्या आहे. तिला तिनेच पुन्हापुन्हा गुणत गेलं की गुणाकार लहान लहान होत शून्याकडे सरकतो. ‘शून्याच्या किती जवळ’ हे सांगणारी छोटी संख्या म्हणजे ε, आणि ‘कितव्या पायरीपासून पुढे कायम तेवढं जवळ’ हे सांगणारा आकडा म्हणजे N. विद्यार्थिनीने लिहिलं ते असं :

∀ε > 0 ∀x ∃N ∀n ≥ N : xⁿ < ε

आणि लिहायला हवं होतं ते असं :

∀ε > 0 ∃N ∀x ∀n ≥ N : xⁿ < ε

दोन्ही ओळींत अक्षरं तीच आहेत. फरक एवढाच, की पहिलीत x आधी येतो आणि N नंतर. दुसरीत N आधी येतो आणि x नंतर. अशी ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची असते, आणि जे नंतर येतं त्याची निवड आधी आलेलं सगळं पाहून करता येते. पहिल्या ओळीत x समोर आल्यावर मग N ठरवायचा आहे, म्हणून प्रत्येक x साठी वेगळा N चालतो. दुसऱ्या ओळीत x कोणता येणार हे माहीत नसतानाच N जाहीर करायचा आहे, आणि एकदा जाहीर केला की बदलायचा नाही. वाड्यातल्या प्रत्येक कुलपाला किल्ली आहे असं म्हणणं वेगळं, आणि वाड्यातली सगळी कुलपं उघडणारी एकच किल्ली आहे असं म्हणणं वेगळं.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. ε ची किंमत 0.1 धरू, म्हणजे xⁿ ची किंमत 0.1 च्या खाली यायला हवी. x = 0.5 असेल तर तिसऱ्या पायरीला 0.125 येतात आणि चौथ्या पायरीला 0.0625; म्हणजे N = 4 पुरतो. x = 0.9 घेतला तर 22 पायऱ्या लागतात. x = 0.99 साठी 230, आणि x = 0.999 साठी 2302. विद्यार्थिनीचं सूत्र हेच सांगतं : log 0.1 ला log x ने भागा आणि उत्तरापेक्षा मोठी पूर्णसंख्या घ्या. (x शून्यच असेल तर प्रश्नच नाही.) तिने मांडलेलं विधान खरं आहे आणि तिची सिद्धता त्या विधानाची पक्की सिद्धता आहे. त्याला बिंदुशः अभिसरण म्हणतात. विचारलं होतं ते एकसमान अभिसरण.

ते इथे नाही, हेही त्याच आकड्यांवरून दिसतं. x जसजसा 1 च्या जवळ सरकतो तसतसा N वाढतच जातो, त्याला कुठे थांबाच नाही. समजा कुणी म्हणालं, ‘N = 1000 सगळ्यांना पुरेल.’ मग मी x = 0.999 पुढे करतो. त्याचा हजारावा घात सुमारे 0.37 आहे, 0.1 पेक्षा कितीतरी मोठा. तो म्हणाला, ‘बरं, 10000 घ्या.’ मी x = 0.9999 पुढे करतो, पुन्हा सुमारे 0.37. त्याने कोणताही N सांगितला तरी त्याला पुरून उरणारा x माझ्याकडे असतो.

ही अदलाबदल इतकी निरुपद्रवी का वाटते, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं कारण सवयीत आहे. रोजच्या व्यवहारात आपल्यासमोरच्या वस्तू मोजक्या असतात, आणि मोजक्या वस्तूंच्या बाबतीत ही अदलाबदल या प्रश्नात खपून जाते. वरच्या चारच x-किमती घेतल्या असत्या तर त्यांचे N होते 4, 22, 230 आणि 2302. त्यातला सर्वांत मोठा 2302 घेतला की तो चौघांनाही पुरतो. x लाखभर असते तरी सर्वांत मोठा N सापडलाच असता. पण 0 आणि 1 यांच्यामध्ये अगणित x आहेत, आणि त्यांच्या N-किमतींत ‘सर्वांत मोठी’ अशी कुणी नाहीच. क्वांटिफायर उलटवताना आपण नकळत ‘सर्वांत मोठा N घेऊ’ असं म्हणत असतो, आणि तो N अस्तित्वात आहे का हे तपासायचं राहून जातं.

तो असेल तर उलटवणं चालतं. याच प्रश्नात x ला 0 पासून 0.9 पर्यंतच फिरू दिलं तर तेही अगणितच x आहेत, पण त्यांपैकी सर्वांत हळू उतरणारा 0.9 आहे आणि त्याला 22 पुरतात, म्हणून सगळ्यांनाच 22 पुरतात. तिथे अभिसरण एकसमान आहे. म्हणजे दोष अगणित असण्याचा नाही. N ला वरून बांध नसण्याचा आहे.

सगळ्याच अदलाबदली घातक नसतात. दोन ∀ शेजारी असतील तर त्यांची जागा खुशाल बदला. दोन ∃ असतील तरी तेच. ∃ आणि ∀ शेजारी असले तरी एका दिशेने जाता येतं : सगळ्यांना पुरणारा एकच N असेल, तर प्रत्येकाला पुरणारा N आहे हे उघडच आहे. उलट दिशेने मात्र फुकट जाता येत नाही, त्यासाठी वेगळं कारण द्यावं लागतं.

उत्तर लिहिताना ही चूक हाताशी पकडता येते. N चं सूत्र लिहून झालं की त्यात x दिसतो का ते पाहायचं. sin(nx)/n या क्रमिकेत किंमत 1/n च्या वर कधी जातच नाही, म्हणून N हा फक्त 1/ε पेक्षा मोठा असला की झालं. सूत्रात x नाही, अभिसरण एकसमान. xⁿ च्या सूत्रात log x आहे. तो दिसला म्हणजे उत्तर ‘नाही’च असतं असं नाही, कारण 0.9 पर्यंतच्या प्रश्नातही तो होता आणि आपण त्याला बांध घातला. पण तो दिसला की थांबून विचारायचं : x कसाही फिरला तरी हा आकडा कशाच्या तरी खाली राहतो का?

आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर ∀ आणि ∃ एकमेकांच्या जागी येतात : कोणताही N दिला, तरी त्याला हरवणारा x आणि पुढची पायरी n आहे. म्हणजे यावेळी x निवडताना N डोळ्यांसमोर असतो, आणि x चं सूत्र N मध्ये लिहायचं असतं. N = 1000 ला 0.999 आणि 10000 ला 0.9999 दिले ते याच नियमाने. आणखी एक सवय इथे घात करते. फळ्यावर लिहिताना आम्ही शिक्षकही पुष्कळदा ‘फरक ε पेक्षा कमी, प्रत्येक x साठी’ असं म्हणून ‘प्रत्येक’ला वाक्याच्या शेवटी टाकतो. तो ‘प्रत्येक’ N च्या आधीचा की नंतरचा, हे मग ऐकणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. क्वांटिफायर सगळे आधी, एका ओळीत, क्रमाने लिहावेत असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

या एका क्रमाने फार मोठ्या गणितज्ञालाही अडवलं होतं. 1821 साली ऑगस्टिन-लुई कोशी यांनी पॅरिसमध्ये आपलं विश्लेषणाचं पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात एक प्रमेय होतं : संतत फंक्शनांची, म्हणजे ज्यांच्या आलेखात कुठे तुटकपणा नाही अशा फंक्शनांची, मालिका अभिसरत असेल तर तिची बेरीजही संतत असते. 1826 मध्ये नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेल यांनी एका तळटीपेत दाखवलं की याला अपवाद आहेत. त्यांनी घेतलेली मालिका होती sin x − ½ sin 2x + ⅓ sin 3x − … . x हा π च्या थोडा अलीकडे असला की तिची बेरीज x/2, म्हणजे जवळजवळ π/2 असते. पण नेमक्या π ला प्रत्येक पद शून्य आहे, म्हणून बेरीजही शून्य. आलेख तिथे तुटतो.

कोशींच्या युक्तिवादात कुठे पाय घसरतो, ते आपल्या दोन ओळींवरून कळतं. a या बिंदूशी बेरीज संतत आहे हे दाखवायचं, तर शेजारच्या x वरची बेरीज आणि a वरची बेरीज जवळ आहेत हे दाखवावं लागतं. त्यासाठी तीन उड्या माराव्या लागतात. x वरच्या पूर्ण बेरजेवरून पहिल्या N पदांच्या बेरजेवर. तिथून, त्या N पदांच्या संततपणाच्या जोरावर, a वरच्या N पदांच्या बेरजेवर. आणि तिथून a वरच्या पूर्ण बेरजेवर. पहिल्या उडीला N हा x साठी पुरायला हवा, तिसरीला a साठी, आणि मधल्या उडीसाठी तो दोन्हीकडे तोच हवा. x हा a च्या जवळ सरकत असताना दरवेळी मोठा N लागत असेल, तर मधल्या उडीला धरायला एक ठरलेलं फंक्शनच राहत नाही. कोशींना नेमकं काय अभिप्रेत होतं यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण छापलेल्या विधानात N आणि x यांचा क्रम सांगितलेला नव्हता आणि बहुतेक वाचकांनी ते बिंदुशः अभिसरणाबद्दलचं विधान म्हणूनच वाचलं.

1847 च्या सुमारास जर्मनीत सायडेल आणि इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी, एकमेकांचं काम माहीत नसताना, अशा तुटक्या जागेजवळ अभिसरण वाटेल तितकं मंदावतं हे हेरलं. 1853 मध्ये कोशी स्वतः या प्रमेयाकडे वळले आणि जास्तीची अट घालून त्यांनी ते नव्याने मांडलं. आबेलसारख्याच एका मालिकेला, sin x + ½ sin 2x + ⅓ sin 3x + … हिला, ही अट लागू पडत नाही हे दाखवताना त्यांनी x = 1/n घेतला, म्हणजे n समोर आल्यावर मग x निवडला. त्या x वर पहिल्या n पदांनंतर उरलेली बेरीज, n कितीही वाढवला तरी, शून्याकडे न जाता सुमारे 0.62 शी येऊन ठेपते.