पन्नास रुपयांसाठी कोण कोणाबरोबर धावेल?
साचेबंद प्रतिमा, पूर्वग्रह आणि भेदभाव: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिल्लीतल्या अनेक नामांकित खासगी शाळा सरकारने सवलतीच्या दरात दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. त्या सवलतीच्या बदल्यात गरीब घरातल्या मुलांना फी न घेता प्रवेश द्यायचा, ही अट बरीच वर्षे कागदावरच होती. २००७ मध्ये सरकारने ती लागू केली आणि २० टक्के जागा राखून ठेवायला लावल्या. प्रवेश मात्र सुरुवातीच्या, म्हणजे नर्सरी-केजीच्या वर्गांपासूनच सुरू झाले. त्यामुळे खालच्या इयत्तांमध्ये श्रीमंत आणि गरीब मुले एकाच वर्गात आली, तर वरच्या इयत्तांमध्ये पूर्वीसारखीच फक्त सधन घरातली मुले राहिली.

अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी ही संधी हेरली. गरीब वर्गमित्र असलेली आणि नसलेली श्रीमंत मुले यांची तुलना करणारा त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ते लोक तसेच असतात’ या वाक्याभोवती जे गैरसमज आहेत, त्यांतले बरेच या एका अभ्यासाच्या आधारे तपासता येतात.

गैरसमज १: साचेबंद प्रतिमा, पूर्वग्रह आणि भेदभाव ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत.

वस्तुस्थिती: साचेबंद प्रतिमा ही समजूत असते. ‘गरीब मुले अभ्यासात मागे असतात’ किंवा ‘ती काटक असतात, जोरात पळतात’ ही तिची उदाहरणे. दुसरे वाक्य कौतुकाचे असले तरी तीही साचेबंद प्रतिमाच, कारण समोरच्या मुलाला न पाहताच ते ठरवून टाकलेले असते. पूर्वग्रह ही भावना असते: त्या मुलाशेजारी बसायला नको वाटणे, त्याच्याशी बोलताना अवघडणे. भेदभाव ही कृती असते: त्याला संघात न घेणे, घर भाड्याने न देणे, अर्ज बाजूला ठेवणे. समजूत असूनही मनात तिटकारा नसू शकतो, आणि तिटकारा असूनही तो कृतीत उतरेलच असे नाही.

गैरसमज २: भेदभाव अज्ञानातून होतो, खरी माहिती दिली की तो थांबतो.

वस्तुस्थिती: हेच तपासण्यासाठी राव यांनी रिले शर्यत घेतली. श्रीमंत मुलांसमोर आधी दोन-दोन मुलांना पळवले. त्यांतला एक खासगी शाळेतला सधन मुलगा, दुसरा सरकारी शाळेतला गरीब मुलगा. कोण जास्त वेगाने पळतो, हे सगळ्यांना दिसत होते. मग प्रत्येकाने रिलेसाठी आपला जोडीदार निवडायचा होता. जिंकल्यास बक्षीस होते, कधी ५० रुपये, कधी २००, कधी ५००. निवडलेल्या जोडीदाराबरोबर नंतर दोन तास खेळण्यात, गप्पांत घालवायचे होते.

या मांडणीची खुबी अशी, की वेगाबद्दलच्या समजुतीला इथे जागाच उरत नाही. शर्यत डोळ्यांदेखत झालेली आहे. तरीही बक्षीस ५० रुपयांचे होते तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी वेगवान गरीब मुलाला सोडून हळू पळणारा श्रीमंत मुलगा निवडला. माहिती पुरेशी होती. आड आली ती त्या दोन तासांच्या सहवासाबद्दलची नावड, म्हणजे पूर्वग्रह.

बक्षीस ५०० रुपये झाले, तेव्हा असे करणारी मुले जेमतेम ६ टक्के राहिली. ही रक्कम त्यांतल्या मोठ्या मुलांच्या जवळपास महिनाभराच्या हातखर्चाएवढी होती. मुलांचे मन तेवढ्यात पालटले असे म्हणता येत नाही, नावडीची किंमत परवडेनाशी झाली एवढेच. म्हणून एखाद्या कंपनीत किंवा सोसायटीत भेदभावाची तक्रार नाही, यावरून तिथे पूर्वग्रह नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि जिथे भेदभाव करणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही, तिथे तो जास्त दिसतो.

ज्या मुलांच्या वर्गात गरीब मुले होती, त्यांच्यात हा भेदभाव १२ टक्के बिंदूंनी कमी आढळला.

गैरसमज ३: गरीब मुले वर्गात आली की बाकीच्यांचा अभ्यास घसरतो.

वस्तुस्थिती: प्रवेशाच्या वेळी पालकांच्या तोंडी हमखास येणारी ही साचेबंद प्रतिमा. ती तपासता येते आणि राव यांनी ती तपासली. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीचे गुण किंचित कमी झाले, एकत्रित गुणांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वर्गात अपशब्द वापरल्याच्या तक्रारी थोड्या वाढल्या. म्हणजे पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, पण तिच्या मानाने नुकसान फार थोडे होते. दुसऱ्या बाजूला, गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले शाळेच्या मदतकार्यात स्वतःहून अधिक सहभागी झाली आणि पैसे वाटून घेण्याच्या खेळात जास्त उदार वागली.

गैरसमज ४: माणसे एकत्र आली की मने आपोआप जुळतात.

वस्तुस्थिती: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच संपर्काला चार अटी घातल्या होत्या: त्या प्रसंगापुरता तरी समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि वरिष्ठांचा किंवा नियमांचा पाठिंबा. गावात सवर्ण आणि दलित पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पाहत आले, पण एकाने मालक आणि दुसऱ्याने मजूर म्हणून. त्या संपर्काने जात ढिली झाली नाही.

अटींचे महत्त्व उत्तर प्रदेशातल्या क्रिकेटच्या मैदानावर स्पष्ट दिसले. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संघांत वाटले. काही संघ मिश्र जातींचे, काही एकाच जातीचे. एका संघातून खेळलेल्यांमध्ये जातीबाहेरची मैत्री वाढली आणि क्रिकेटची बक्षिसे वाटताना आपल्याच जातीच्या खेळाडूला झुकते माप देणे कमी झाले. समोरासमोर खेळलेल्यांबाबत मात्र असा फायदा दिसला नाही, काही बाबतींत उलट नुकसानच झाले. मैदान तेच आणि खेळही तोच होता. फरक एवढाच, की एकदा दुसऱ्या जातीचा माणूस आपल्यासाठी धावा काढत होता आणि एकदा आपल्याला बाद करत होता.

दिल्लीतही हेच बारकाईने पाहता आले. काही शाळांत अभ्यासाचे गट नावांच्या आद्याक्षरांनुसार पडत. त्यामुळे कोणाच्या गटात गरीब मूल येणार, हे ना मुलांनी ठरवले होते ना शिक्षकांनी. अशा गटात गरीब सोबती मिळालेल्या मुलांमधला बदल ठळक होता. निव्वळ एका छपराखाली असण्यापेक्षा प्रत्यक्ष मिळून काम करण्याचा वाटा त्यात मोठा होता.

महाराष्ट्रात श्रीमंत आणि गरीब मुलांना एका वर्गात आणण्याचा प्रश्न शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांमुळे येतो. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या प्रवेशांतून सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांत केला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो रद्द ठरवला. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांनुसार या मुलांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवता येत नाहीत, आणि पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांतही फरक करता येत नाही. ऑलपोर्ट यांच्या पहिल्या आणि शेवटच्या अटीची सोय त्यातून होते. सामाईक उद्दिष्ट आणि सहकार्य मात्र प्रकल्पाचे गट कसे पाडले जातात यावर ठरते, आणि ते वर्गशिक्षकाच्या हातात असते.