वास्तव परतावा व मुदत ठेव

ठेवीवर बँक रुपयांत जे व्याज देते तो नाममात्र परतावा. किंमतवाढ लक्षात घेता क्रयशक्तीत जी भर पडते तो वास्तव परतावा होय. २०२०–२१ मध्ये मोठ्या बँकांचा एक वर्षाहून अधिक मुदतीच्या ठेवींवरील दर सु. ५% होता, तर ग्राहक किंमत निर्देशांक सरासरीने ६·२% वाढला. कोल्हापुरातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने याच दरांनी वर्षभर १ लाख रु. ठेवले असे मानू. अखेरीस त्यास १,०५,००० रु. मिळतील, परंतु जे धान्य, गूळ व औषधे पूर्वी लाखात येत, त्यांस आता १,०६,२०० रु. पडतील. पहिल्या रकमेस दुसरीने भागल्यास ०·९८९ येतात. म्हणजे क्रयशक्ती सु. १·१% घटली. पासबुकात आकडा वाढलेलाच दिसत असल्याने ही घट सहसा ध्यानी येत नाही. प्राप्तिकर मात्र संपूर्ण नाममात्र व्याजावर आकारला जातो; तो २०% असल्यास हाती १,०४,००० रु. राहून घट सु. २·१% होते. व्याज खर्चून मुद्दल तेवढेच ठेवणाऱ्याची झीज याहून मोठी, कारण त्याचे लाख रुपये ६·२% वाढलेल्या किंमतींना सामोरे जातात. निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. औषधांवर अधिक खर्च करणाऱ्या वृद्धाची प्रत्यक्ष किंमतवाढ त्याहून वेगळी असू शकते.