हेल्मेटच्या फलकावर काय लिहावं?

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊ. भोरहून कापूरहोळला किंवा नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या दुचाकीवाल्यांसाठी फलक लावायचा आहे. (वेल्हे आता राजगड तालुका झाला, पण आपल्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) त्यावर रक्त, कवटी, यमराज काही नको. मग मथळा काय द्यायचा?

भीती का नको? ॲरिस्टॉटल म्हणतो, आपण मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते जवळ आलंय असं वाटत नाही, म्हणून कुणी फिकीर करत नाही. डेअरीला दूध घालणारा त्याच रस्त्यानं हजार वेळा सुखरूप गेलेला असतो. कवटी पाहून तो म्हणतो, हे दुसऱ्या कुणाचं तरी. शिवाय हेल्मेट न घालण्याचं त्याचं कारण बेडरपणा नसतंच. ‘इथंच तर जायचंय’ हे असतं. मथळ्यानं उत्तर द्यायचं ते याला.

म्हणून आमचा पहिला मथळा: ‘इथंच जायचंय? तरी हेल्मेट घाला.’ त्याचंच वाक्य त्याच्यापुढं ठेवलं की तो निदान हसतो.

दुसरा: ‘हेल्मेट डोक्यावर, आरशावर नको.’ आपल्याकडं हेल्मेट पुष्कळांकडं असतं. ते आरशाला लटकतं, कोपरात अडकतं आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढतं.

आम्हाला सगळ्यात आवडलेला तिसरा: ‘पट्टा टक् वाजला का?’ हनुवटीखालचा पट्टा मोकळा असेल, तर आपटताना हेल्मेट डोक्यावरून निघून जाऊ शकतं. इथं उपदेश नाही, लगेच करता येईल अशी एक कृती आहे.

चौथा मागं बसणाऱ्यांसाठी: ‘मागच्या सीटलाही डोकं असतं!’ कायद्यानं मागच्यालाही हेल्मेट लागतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

‘घरी कुणीतरी वाट पाहतंय’ हा लोकप्रिय मथळा मात्र आम्ही बाद केला. वरून माया दिसते, पण आत भीतीच आहे. शिवाय करायचं काय, तेही तो सांगत नाही.

आता लांबी. ताशी 50 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. तीन सेकंद वाचलं तर 42 मीटर नजर रस्त्यावरून हटली. म्हणून चार-पाच शब्द, आणि फलक घाटाच्या वळणावर लावायचा नाही. तो पेट्रोल पंपाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी हवा, जिथं गाडी थांबलेली असते.

मथळा लागू पडला का, ते असं पाहायचं. फलक लावण्याआधी आणि नंतर, त्याच वाराला, त्याच वेळी शंभर-शंभर गाड्या मोजायच्या. हेल्मेट एका रकान्यात, लावलेला पट्टा दुसऱ्यात. पोलीस उभे असतील तो दिवस धरायचा नाही.