दोन शितांवरून भाताची परीक्षा

वास्तव संख्यांच्या रेषेवर एखाद्या बिंदूपाशी जायचे तर दोनच बाजू असतात, डावी आणि उजवी. दोन्हीकडून चढ सारखाच निघाला की विकलज मिळाला. संमिश्र संख्यांना मात्र रेषा पुरत नाही. x + iy या संख्येला अख्खे प्रतल लागते, आणि प्रतलावरच्या बिंदूपाशी आडवे, उभे, तिरके, अगदी घिरट्या घालतही जाता येते. संमिश्र विकलजाची व्याख्या इथे फार कडक आहे. वाट कोणतीही घ्या, फलनातल्या बदलाला z मधल्या बदलाने भागून येणारी संख्या एकाच ठिकाणी स्थिरावली पाहिजे.

आता इतक्या वाटा तपासायच्या कोणी? म्हणून गणिती त्यांतल्या दोनच निवडतात, आडवी आणि उभी.

फलनाचे दोन भाग करायचे, वास्तव भाग u आणि कल्पित भाग v, म्हणजे f = u + iv. y तसाच ठेवून फक्त x बदलला, तर u आणि v किती वेगाने बदलतात ते u_x आणि v_x सांगतात. x तसाच ठेवून y बदलला, की u_y आणि v_y मिळतात. हेच अंशतः विकलज. आडव्या वाटेने गेल्यास विकलज u_x + i v_x असा येतो. उभ्या वाटेने जाताना मात्र z मधला बदल i च्या पटीत असतो, त्यामुळे u_y + i v_y ला i ने भागावे लागते, आणि उत्तर येते v_y − i u_y. दोन्ही उत्तरे एकच असायला हवीत. मग वास्तव भाग वास्तवाशी आणि कल्पित भाग कल्पिताशी जुळवला की दोन समीकरणे हाती लागतात:

u_x = v_y, u_y = −v_x

दुसऱ्या समीकरणातले ऋण चिन्ह त्या i ने भागण्यातून आले आहे. परीक्षेत विसरले जाते ते हमखास हेच.

ही कॉशी–रीमान समीकरणे. नावात दोघेच असले, तरी समीकरणे त्यांच्याही आधीची आहेत. फ्रान्सच्या दालाँबेरला ती १७५२ मध्ये प्रवाही पदार्थांच्या अभ्यासात भेटली होती. कॉशीने १८१४ च्या आपल्या प्रबंधात ती वापरली. रीमानने १८५१ मध्ये ग्योटिंगेनला सादर केलेल्या प्रबंधात संमिश्र फलनांची सारी उभारणीच त्यांच्यावर केली.

चाचणी लावून पाहू. z² चे दोन भाग u = x² − y² आणि v = 2xy. बिंदू घेऊ 3 + 2i. इथे u_x = 2x = 6 आणि v_y = 2x = 6, पहिले समीकरण जुळले. u_y = −2y = −4 आणि v_x = 2y = 4, म्हणजे दुसरेही जुळले. विकलज आला u_x + i v_x = 6 + 4i, आणि तो 2z इतकाच आहे.

आता x + iy चे x − iy करणारे फलन घ्या, म्हणजे संख्येचे आडव्या अक्षातले प्रतिबिंब. याच्याइतके निरुपद्रवी फलन शोधून सापडायचे नाही. पण u = x, v = −y असल्यामुळे u_x = 1 आणि v_y = −1. पहिल्याच समीकरणात खटका उडाला, आणि तोही प्रतलावरच्या प्रत्येक बिंदूत. आडव्या वाटेने भागाकार 1 येतो, उभ्या वाटेने −1. हे फलन कुठेच विकलनीय नाही. चाचणी नापास करते तेव्हा तिचा निकाल अंतिम असतो. दोन वाटांवरच उत्तरे वेगळी आली, तर बाकीच्या वाटा पाहायचे कारणच उरत नाही.

पास झाल्यावर मात्र इतके निर्धास्त राहता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करताना सगळा भात एकसारखा शिजला आहे असे आपण गृहीत धरतो, आणि तो तसा नसू शकतो. याचे जुने, मुरलेले उदाहरण म्हणजे f = √|xy|. याला कल्पित भाग नाही, म्हणजे v सगळीकडे शून्य. u = √|xy| हे आडव्या अक्षावर y शून्य म्हणून शून्य, आणि उभ्या अक्षावर x शून्य म्हणून शून्य. तेव्हा मूळबिंदूशी चारही अंशतः विकलज शून्य येतात आणि दोन्ही समीकरणे 0 = 0 अशी बिनतक्रार जुळतात. घाईत असलेला विद्यार्थी इथे ‘विकलनीय’ लिहून मोकळा होतो.

आता तिरके चालू. z = t + it असे घेतले, तर √|xy| = |t|. t धन असताना भागाकार येतो 1/(1+i), म्हणजेच (1 − i)/2. t कितीही छोटा करा, उत्तर तिथून हलत नाही. अक्षांवरून आल्यावर मात्र ते शून्य होते. एकाच बिंदूशी दोन उत्तरे, म्हणजे विकलज नाही. चाचणीने हिशेब चुकवला असे मात्र नाही. तिने फक्त दोन अक्ष पाहिले, आणि फलनाने नेमके त्या दोन अक्षांवरच चांगले वागायचे ठरवले होते.

मग विश्वास केव्हा ठेवायचा? नेहमी वापरायची अट अशी: त्या बिंदूच्या आसपास चारही अंशतः विकलज अस्तित्वात हवेत, आणि त्या बिंदूशी ते संतत हवेत, म्हणजे जवळ जाताना त्यांच्या किमतीत उडी नसावी. त्यावर समीकरणे जुळली, तर फलन तिथे नक्की विकलनीय. z² साठी हे उघड आहे, कारण त्याचे अंशतः विकलज 2x आणि 2y यांच्यासारखे साधे आहेत. √|xy| नेमके इथे पकडले जाते. पहिल्या चरणात त्याचा u_x आहे ½√(y/x). y = x या रेषेवर मूळबिंदूच्या कितीही जवळ जा, ही किंमत ½ च राहते. y = 4x वर ती 1 होते. आणि मूळबिंदूवर ती शून्य! अशी उडी दिसली की समीकरणांच्या भरवशावर निकाल द्यायचा नाही, सरळ व्याख्येकडे जायचे.

एखाद्याला वाटेल, एकाच बिंदूत समीकरणे जुळली म्हणून फसगत झाली, सगळ्या प्रतलावर जुळली तर होणार नाही. त्याच्यासाठी e^(−1/z⁴) हे फलन, z = 0 ला किंमत शून्य ठरवून. हे झाडून सगळ्या बिंदूंत, शून्यातसुद्धा, कॉशी–रीमान समीकरणे पाळते. अक्षांवर शून्यापासून अर्ध्या अंतरावर त्याची किंमत e^(−16), म्हणजे जवळपास नाहीच. तेवढ्याच अंतरावर, पण ४५ अंशांच्या तिरक्या रेषेवर z⁴ ऋण होतो आणि किंमत e^16 होते, सुमारे ८९ लाख. आणखी जवळ गेले की ती अमर्याद वाढते. जे फलन शून्याशी संततही नाही, ते तिथे विकलनीय कुठले असणार?

खोट नेमकी त्या असंततपणात आहे. लोमन या डच गणितज्ञाने १९२३ मध्ये मांडलेला आणि पुढे रशियाच्या मेन्शॉफने ज्याच्या सिद्धतेतली फट बुजवली तो सिद्धांत सांगतो की, खुल्या क्षेत्रात फलन संतत असेल, अंशतः विकलज सर्वत्र असतील आणि दोन्ही समीकरणे सर्वत्र जुळत असतील, तर फलन त्या क्षेत्रात सगळीकडे विकलनीय असते. अंशतः विकलज संतत असण्याची अटही मग लागत नाही.